गनीचाचा मोकळे कधी झाले

"रोप उपटलं बाई, वाफ्याले काय ठावं,
मुळाच्या मातीमंधी राह्यलं त्याचं नावं..."

अब्दुल गनीची अम्मी दुसऱ्यांच्या कांद्याच्या वाफ्यात वाकून हे म्हणायची. पन्नासेक वर्षं झाली असतील. जानेफळच्या शिवारात पहाटेचं धुकं अजून जमिनीला धरून असायचं आणि त्या धुक्यातून आधी आवाज यायचा, मग अम्मी दिसायची. पोरगा गनी तिच्या मागं मागं जुड्या बांधत जायचा. त्या शब्दांचा अर्थ त्याला तेव्हा कळत नव्हता, विचारावंसंही वाटलं नव्हतं. एवढंच कळायचं की अम्मी गात असली म्हणजे ती चिडलेली नाही.

तोच गनी पुढं रोपांचा माणूस झाला. शेषराव नावाचा त्याचा बालमित्र, जानेफळच्या वेशीबाहेर त्याची रस्त्याला लागून जमीन. एकाची जमीन, दुसऱ्याचा हात, अशी दोघांची भागीदारी जमली. नाव ठेवलं 'जोडवाफा रोपवाटिका'. मिरची, टोमॅटो, वांगी, पपई. बँकेचं कर्ज घ्यायचं होतं म्हणून भागीदारीची रीतसर नोंदणीही केली. हिरव्या जाळीच्या शेडनेटखाली वीस-बावीस वर्षं दोघांनी मिळून तालुक्याला रोपं पुरवली. लोक 'जोडवाफा' म्हणत नसत. 'गनीचं रोप' म्हणत. शेषराव हसून सांगायचा, "जमीन माही, पानी माहं, वीजबिल माहं, अन् नाव याचं."

तीन हंगामांपूर्वी फवारणीच्या वासानं गनीची छाती भरून यायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता त्या जाळीखाली जाऊ नका. गनीनं हिस्सा घेतला, मेहकरच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडं निवृत्तीचा करार केला, आणि आलेल्या पैशात ओढ्याकाठी एक एकर घेऊन कलमी आंबा लावला. जानेफळच्या आठवडी बाजारात ऑटोवर भोंगा बांधून दवंडी फिरवली. ऐका हो, जोडवाफ्यातून अब्दुल गनी आजपासून मोकळे झाले, घेनंदेनं शेषरावकडे. बाजाराला जिलबी वाटली. बायका म्हणाल्या, लग्नातही एवढा गाजावाजा केला नव्हता यानं.

आणि आता, आंब्याला दुसरा मोहर धरायच्या दिवसांत, पोस्टमन वकिलाची नोटीस देऊन गेला.

गनी बाजेवर बसून ती दोनदा वाचत होता. विमलबाई नावाच्या शेतकरीण बाईची नोटीस. डोणगावच्या पलीकडं त्यांची वस्ती. त्यांनी गेल्या हंगामात जोडवाफ्यातून मिरचीची रोपं घेतली, तिखट लांब मिरचीची मागितली होती, आणि रानात निघाली निम्मी तिखट, निम्मी भज्यांची जाड. व्यापाऱ्यानं माल घेतला नाही. तालुक्याच्या समितीनं येऊन पंचनामा केला, भेसळ खरी ठरली. भरपाई द्या, नाहीतर बुलढाण्याला ग्राहक आयोगात जाते. खाली दोन नावं होती. भागीदार शेषराव. भागीदार अब्दुल गनी.

"तुम तो निकल गए थे ना?" शाहजादीनं विचारलं. ती त्याची बायको, चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

"निघालोच होतो."

"फिर ये कौन है, अब्दुल गनी?"

गनी नोटिशीकडं बघत राहिला. भीती वाटायला हवी होती. शेषरावनं नाही दिलं तर ओढ्याकाठचा तो एकर जाईल, हे त्याला पहिल्या वाचनातच समजलं होतं. पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी डोकं वर काढत होतं. ज्या रोपाचं बी त्यानं पेरलं नाही, ज्या ट्रेला हात लावला नाही, जे उगवलं तेव्हा तो आंब्याला आळं करत होता, त्या रोपाचा बाप कायद्यानं त्याला कसं काय ठरवलं? त्याला हे समजून घ्यायचं होतं. नवीन रोग पानावर दिसला की तो जसा पान उलटून बघायचा, तसं.

* * *

अनुपमा मेहकरच्या कोर्टासमोर एका गाळ्यात वकिली करायची. जुन्या वकीलसाहेबांची ती पुतणी. साहेब गेल्यावर त्यांची टेबलखुर्ची आणि अर्धे पक्षकार तिच्याकडं आले होते. गनीला ती चाचा म्हणायची, कारण लहानपणी काकांबरोबर रोपवाटिकेत येऊन तिनं फुकट मोगरा नेला होता.

तिनं नोटीस वाचली, करार वाचला.

"चाचा, करार चांगला आहे. निवृत्तीनंतरचं सगळं देणं शेषरावांचं, असं स्वच्छ लिहिलंय. पण हा करार तुम्हा दोघांतला. विमलबाई यात कुठं आहेत?"

"त्या कशाले राहतीन यात?"

"तेच. त्या यात नाहीत, म्हणून हा त्यांना बांधत नाही. उद्या तुम्हाला भरावं लागलं तर तुम्ही या करारावर शेषरावांकडून वसूल करू शकता. पण त्या तुमच्याकडं आल्या, तर त्यांना हा कागद दाखवून परत पाठवता येणार नाही."

गनीनं मान डोलावली. "म्हंजे घरातलं घरात."

"हो. आता बाहेरचं. तुम्ही निघालात हे जगाला कसं कळवलं?"

"दवंडी देली ना. भोंग्यावर. जिलबी वाटली."

अनुपमाला हसू आलं, ते तिनं दाबलं. "कायद्याला जिलबी पोचत नाही, चाचा. तुमची संस्था नोंदणी झालेली. मग तीन गोष्टी लागतात. भागीदारी संस्थांच्या निबंधकाला कळवायचं, सरकारी राजपत्रात छापायचं, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका तरी मराठी पेपरात जाहीर नोटीस द्यायची. हे होईपर्यंत बाहेरच्या माणसासाठी तुम्ही भागीदारच. मागं राहिलेल्यानं संस्थेच्या नावानं जे केलं, ते तुम्हालाही चिकटतं."

"न केलेलं बी?"

"तुम्ही आत असताना शेषरावांनी विकलेलं प्रत्येक रोप तुमचंच होतं ना? तसंच."

"पन मी आत नव्हतो."

"विमलबाईला कसं कळणार?"

 बाहेर एक माणूस स्टॅम्पपेपरसाठी कुणाशी तरी भांडत होता. गनीनं ते भांडण थोडा वेळ ऐकलं आणि मग विचारलं, "जाहिरात आता देली तं?"

"देऊच. आजच मसुदा करते. पण ती पुढच्यासाठी. मागच्या विक्रीला ती झाकत नाही."

"अन् त्या बाईले आधीच ठाऊक असंल तं, का मी निघालो म्हून?"

"चांगला प्रश्न." अनुपमा खुर्चीत पुढं सरकली. गनीचे प्रश्न तिला आवडायला लागले होते. पक्षकार सहसा एकच विचारतात, वाचेन का. "तसं सिद्ध झालं तर मी भांडू शकते. भरवसा देणार नाही. कायदा जाहीर नोटीस मागतो. पण एक पक्की वाट आहे. तुम्ही भागीदार होतात हेच ज्याला माहीत नव्हतं, असा माणूस व्यवहार करून गेला असेल, तर तो तुम्हाला धरू शकत नाही. कारण तो तुमच्या भरवशावर आलाच नव्हता."

गनीचे डोळे बारीक झाले. "म्हंजे एकाच ट्रेतली रोपं दोघाइनं नेली. एकजन मले ओळखते, एकजन नाई. ओळखते थो मले धरू शकते, अन् दुसरा नाई?"

"बरोबर."

"रोप तेच?"

"रोप तेच, चाचा."

"लयच भारी हाय बे हे," गनी स्वतःशीच म्हणाला, आणि मग आपण वकिलाच्या समोर बसलोय हे आठवून त्यानं टोपी सारखी केली. "त्या जाहिरातीचं वकीलसाहेबानं बी सांगितलं होतं मंग. आता आठवते. शेषराव म्हने, पेपरचं मी पाहतो, तू दवंडीचं पाह्य."

"मग त्यांना विचारा, काय झालं ते."

गनीनं तिथूनच फोन लावला. शेषराव म्हणाला, "हाव, थे राहून गेलं बे. त्या साली पान्याची लय भानगड होती. नोटीस मलेबी आली. पाहू आपुन. कागदावर दोघंबी हाओच ना अजून, अर्धं अर्धं बसंल."

फोन ठेवल्यावर गनी म्हणाला, "राहून गेलं म्हनते."

"राहतं," अनुपमा म्हणाली. "पण अर्धं अर्धं का? करारात तर सगळं त्यांचं."

गनीलाही तेच वाटलं होतं. 

* * *

घरी परतायच्या आधी त्यानं डोणगावची एस.टी. धरली. त्याला त्या दोन माणसांचं कोडं डोळ्यांनी बघायचं होतं. त्याच लॉटची रोपं सागर नावाच्या पोरानंही नेल्याचं नोटिशीत लिहिलं होतं. पोरगा पुण्यातली नोकरी सोडून बापाच्या शेतात परतला होता आणि ठिबकच्या नळ्यांवर जीव लावून होता.

सागर बांधावर मोबाइलमध्ये बघत उभा होता. त्याच्याही रानात तेच, एका सरीत लांब मिरची, पुढच्या झाडाला जाड.

"जोडवाफ्याची रोपं?" गनीनं विचारलं.

"हो ना काका. फसलो. फोनवर जाहिरात दिसली, ऑनलाइन पैसे टाकले, गाडीनं रोपं आली. त्या शेषरावांना मी सोडणार नाही."

"अन् गनी?"

"कोण गनी?"

गनीनं एक जाड मिरची तोडली, हातात फिरवली. कोवळं असताना हिचं पान जरा रुंद असतं, देठाजवळ गोल. ट्रेवरची वाणाचं नाव लिहिलेली काठी वाऱ्यानं पडली तरी त्याला पान पाहून कळलं असतं. शेषरावला ते कधीच जमलं नाही.

"तुम्ही ओळखता का त्यांना?" सागरनं विचारलं.

"ओळखतो थोडं थोडं."

तो रस्त्याला लागला. हा पोरगा त्याला धरू शकत नव्हता. एक ओझं उतरलं होतं, अनुपमानं सांगितलं तसंच. मग पाय जड का पडत होते, ते त्याला कळेना. बावीस वर्षांत तालुक्यातल्या बांधाबांधावर आपलं नाव गेलं असं तो धरून चालला होता. 'कोण गनी' म्हणणारा पोरगा त्याला आजवर भेटला नव्हता. सुटायचं असेल तर असं सुटायचं, कुणी ओळखायलाच नको. त्याला हसू आलं आणि बरंही वाटलं नाही.

* * *

विमलबाईंची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर होती. वकिलाच्या नोटिशीनंतर समोरच्याच्या दारात जाऊ नये, असं कुणीतरी म्हणालं असतं. अनुपमानं एवढंच बजावलं होतं, चाचा, गेलात तर धमकी नाही, विनवणी नाही आणि खोटं तर मुळीच नाही.

बाई ओसरीवर मिरच्या निवडत होत्या. लांब इकडं, जाड तिकडं. पन्नाशीच्या, कपाळावर गोंदण, लुगड्याचा पदर खोचलेला. गनीला पाहिलं आणि हात थांबले.

"या चाचा. नोटीस भेटली वाट्टे."

"भेटली."

"मंग पानी घ्या आधी. भांडन पान्यानंतर."

त्यांनी तांब्या दिला. गनीनं पाणी प्यायलं आणि सरळ विचारलं, "विमलबाई, मी तीन हंगामापासून तिथं नाई. माहीत होतं का तुमाले?"

"नाई. मी कशी जाननार? आमचा बाजार डोनगावचा. तुमची दवंडी जानेफळात, थे मले मागाहून कळलं, भाचीनं सांगितलं. नोटीस गेल्यावर."

"अन् रोपं काऊन तिथूनच घेतली? डोनगावात दोन रोपवाटिका हायेत."

बाईंनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यानं आपलंच नाव विचारलंय. "तुमची होती म्हून. माह्या नवऱ्याच्या टायमापासून तुमचंच रोप येते आमच्या रानात. तुमी वाफ्यात बोटं घालून पाह्यचे, थे मले आठवते. ट्रे उचलून हालवाचे, म्हनाचे, 'हे अजून दोन दिस उन्हात राहू द्या, मंग न्या.' पैसे हातात असून परत धाडलं होतं तुमी मले एकदा. त्याच्यावर भरवसा केला मी. शेषरावच्या तोंडावर नाई."

 ज्या बोटांनी त्याला बांधून ठेवलं होतं तीच बोटं गनीनं मांडीवर चोळली.

"तुमच्या वकिलीनबाईनं सांगितलं असंल ना," विमलबाई पुन्हा मिरच्यांकडं वळत म्हणाल्या, "का मी तुमाले ओळखतच नव्हते असं म्हना म्हून?"

"तसं असतं तं सुटलो असतो, असं सांगितलं. तसं म्हना, असं नाई सांगितलं."

"मंग तुमी म्हनसान का?"

"तुमचं पानी पिऊन?"

बाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "पाहा चाचा, मले तुमच्याशी वैर नाई. पन तुमाले सोडलं तं मी कोनाले धरू? शेषराव आज देतो म्हनते, उद्या पान्याची भानगड सांगते. तुमचा एकर मोकळा हाय, बोजा नाई. माह्या वकिलानं सातबारा काढला. माही बी एका वर्षाची मेहनत गेली."

हे गनीला पटलं. पटलं म्हणूनच वाईट वाटलं. तो उठायला लागला तेव्हा बाई एकदम म्हणाल्या, "पन एक सांगू का? बुकिंगले गेले तवा मी विचारलं होतं शेषरावले. म्हनलं, चाचा दिसत नाई. थो म्हने, 'आत हायेत शेडनेटमंधी, येतीनच.' मी घटकाभर बसले बी. तुमी आले नाई. मले वाटलं, तुमी कामात असान."

गनी तसाच अर्धवट उभा राहिला.

"आत हायेत म्हनला?"

"हाव."

राहून गेलेली जाहिरात त्याला समजू शकत होती. माणसाचं राहतं. पण आत आहेत, हे राहून गेलेलं नव्हतं. ठरवल्याशिवाय ते तोंडातून निघत नाही.

* * *

आठवड्यानं अनुपमानं सगळ्यांना एकत्र बसवलं. आयोगात जाण्याआधी एक बैठक, असं दोन्ही वकिलांचं ठरलं. विमलबाई म्हणाल्या, मेहकरला नको, जिथून रोप निघालं तिथंच बसू. म्हणून जोडवाफ्यावर, दुपारच्या उन्हात, शेडनेटच्या बाहेर लिंबाखाली सतरंजी टाकली. गनी आत गेला नाही, छातीमुळं. जाळीतून त्यानं पाहिलं, ट्रे ओळीनं होते, पण एका ओळीत पाणी जास्त झालेलं, पानं पिवळट. त्याचे हात शिवशिवले.

शेषराव उंच, खांद्यानं रुंद, गांधी टोपी. त्यानं सगळ्यांसाठी चहा आणवला, विमलबाईंना वहिनी म्हणाला, अनुपमाला पोरी म्हणाला आणि गनीशी बोलताना मात्र लिंबाकडं बघत बोलला.

अनुपमानं कागद मांडला. "तीन जणांचा करार करू. भरपाई शेषराव आणि संस्था देतील. विमलबाई ती त्यांच्याकडून घ्यायला तयार होतील आणि गनीचाचांवरचा दावा सोडतील. तिघांच्या सह्या. विमलबाईंनी मानल्याशिवाय चाचा सुटत नाहीत, हे मी आधीच सांगते."

"मी कशी मानू?" विमलबाई म्हणाल्या. "शेषरावचं एकट्याचं म्हननं काय, थे तं ऐकू द्या."

शेषराव खाकरला. "माहं म्हननं असं, का वहिनी, भूल झाली. ट्रेवरच्या काठ्या वादळात उडाल्या, अंदाजानं लावलं. भरपाई देनं भाग हाय. पन गनी बी कागदावर भागीदार होता ना. सरकारदरबारी. मंग दोघाइनं वाटून घ्यावं. मले एकट्याले झेपनार नाई."

"करारात असं नाही," अनुपमा म्हणाली.

"करार आमच्या दोघाइचा हाय, पोरी. मी अन् गनी पाहून घेऊ." तो हसला. "बावीस साल पाह्यलं की."

 गनी आता सतरंजीवर पुढं सरकला. रागानं नाही. पान उलटून बघताना तो असाच सरकायचा.

"शेषू, मले एकच समजून घ्याचं हाय."

"विचार."

"विमलबाईनं माह्याबद्दल विचारलं तवा तू म्हनला, आत हायेत. काऊन म्हनला?"

शेषरावनं चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. कप रिकामा होता. "असंच. बोलन्याच्या ओघात."

"ओघात मानूस म्हनते, घरी गेले, गावाले गेले. आत हायेत कसं म्हनते? मी तं आंब्याकडे होतो."

"गनी, तू बी आता वकिली शिकला का बे?"

"शिकून राह्यलो. वकीलबाई सांगतात, जो मले ओळखत नाई थो मले धरू शकत नाई. सागर मले ओळखत नाई, त्याले तू काई नाई म्हनला. विमलबाई ओळखतात, त्याइले म्हनला आत हायेत. ओळखनाऱ्या सगळ्याइले म्हनत असशीन. मंग माह्या मनात येते, का पेपरची जाहिरात राहून गेली, का..." तो थांबला. पुढचं वाक्य त्याला दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं.

विमलबाईंनी पदर सारखा केला. "मले बी हेच ऐकाचं हाय, शेषराव. मले काऊन नाई सांगितलं, थे सरळ सांगा. पैशाचं मंग पाहू. खरं बोलनाऱ्या मानसाची सही असंल तं मी चाचाले सोडीन. गोलगोल बोलनाऱ्याच्या सहीवर नाई. मंग आयोगच बरा."

 रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या पोरांनी शेषरावला हात केला, त्यानं केला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिची घडी बोटानं दाबत राहिला. अनुपमा कागदावर नजर ठेवून होती. 

गनी वाट बघत होता. ओढ्याकाठचा एकर त्याच्या डोळ्यांपुढं होता, मोहराचा वासही येतोय असं वाटत होतं. आणि तरी त्या घडीला त्याला एकराहून जास्त त्या उत्तराची ओढ होती.

"राहून नाई गेलं," शेषराव शेवटी म्हणाला. आवाज एवढा खाली गेला की विमलबाई पुढं वाकल्या. "वकीलसाहेबानं मसुदा लिहून देला होता. मी घेऊन गेलो मेहकरले, पेपरच्या हापिसात. बाहीर बाकड्यावर बसलो, आत कोनाशी तरी बोलनं चालू होतं म्हून. बाजूले दोन कास्तकार बसले होते. एक दुसऱ्याले म्हने, यंदा मिरची लावतो म्हनतो, रोप गनीचं घेईन, दुसऱ्याचं नाई. मी ऐकलं. मसुदा हातातच होता. तसाच उठलो अन् घरी आलो."

त्यानं गनीकडं पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदा.

"जमीन माही होती, पानी माहं होतं. पन मानसं तुह्यासाठी येत होती, हे मले ठाऊक होतं. पेपरात छापलं असतं तं पुढच्या हंगामात इथं कुत्रं बी आलं नसतं. म्हून तुही दवंडी जानेफळातली तेवढीच राहू देली, अन् बाहीरून कोनी आलं, का म्हनाचो, आत हाय. विमलबाई, थे रोप माहं. चूक माही. लिहा पोरी, सगळी भरपाई माह्या एकट्याकडून, ही जमीन तारन लिहा. त्याले सोडा. अन् गनी..." तो क्षणभर थांबला. "तू निघाला नव्हता बे. मीच तुले निघू देलं नाई."